सहा किलो नऊशे

बोडीटोल्याच्या आरोग्य केंद्रात मुलं तोलायचा काटा व्हरांड्याच्या आड्याला टांगलेला असे. वर घड्याळासारखी तबकडी, खाली लोखंडी आकडा आणि आकड्याला जाड कापडाची झोळी. काटा चांगला होता, पण झोळीत मूल घालायची वेळ आली की बायांचे हात आखडत. धान तोलतात, मोहफुलं तोलतात, सानगडीच्या बाजारात मिरच्या तोलतात. पोर कोणी तोलत नाही. तोललेलं पोर आटतं, त्याच्या अंगाची वाढ काट्यावरच राहते, असं तिकडच्या म्हाताऱ्या छातीवर हात ठेवून सांगत.

केंद्रातल्या नर्स कुंताबाईंनी चौदा वर्षांच्या नोकरीत यावर तोड काढली होती. रजिस्टरात वजनाचा रकाना रिकामा राहिला तर तपासणीला येणारे साहेब लाल शेरा मारत. आईशी हुज्जत घालून मूल झोळीत घातलं तर ती बाई पुन्हा केंद्राची पायरी चढत नसे. म्हणून कुंताबाई मूल दोन हातांनी उचलत, वय विचारत, आणि आकडा लिहून टाकत. "माह्या हातातच काटा हाये," असं त्या म्हणत. शिपाई मंगरू त्यावर हटकून बोले, "मंग हा वरचा काटा आमी कांदे तोलाले नेऊ का, बाई?"

१९८३ च्या भादव्यात एका सोमवारी मनकर्णाबाई आपल्या सुनेला आणि अडीच वर्षांच्या नातीला घेऊन आली. नातीचं नाव सेवंता. अंगात ताप, श्वास भात्यासारखा, पावलं सुजून तुकतुकीत झालेली, केस तांबूस आणि विरळ. गालही सुजले होते, त्यामुळे चेहरा पाहिला तर पोर भरलेलं वाटे. सून रुखमिणी काही बोलत नव्हती. सासूच बोलत होती.

"पेजेवर राह्यते जी. दूध ओकते. आठ रोज झाले खोकलून राह्यली."

"झोळीत टाका तिले," कुंताबाई म्हणाल्या.

"नाई!" मनकर्णाबाईनं नातीवर पदर ओढला. "औषध द्या, सुई टोचा, काई बी करा. काट्यावर नोको. माहा एक नातू तोलला होता त्या अंगणवाडीत. गेला महिनाभरात."

रांगेत सत्तर माणसं होती. कुंताबाईंनी सेवंताला पांघरुणासकट क्षणभर हातांवर घेतलं, सुजलेल्या गालांकडे पाहिलं आणि रकान्यात लिहिलं: ११ किलो.

डॉक्टर कापगते नागपूरला शिकून आलेले, तिशीच्या आतले होते. त्यांनी मुलीची छाती ऐकली, पायावर अंगठा दाबला आणि उमटलेला खड्डा बराच वेळ पाहत राहिले. "न्यूमोनिया आहे, आणि कुपोषणाची सूज. अशा मुलांना एकट्या पेनिसिलिनवर ठेवायची मला भीती वाटते." मग केसपेपर पाहिला. "अकरा? असेल. सुजेचं पाणी आहेच अंगात." त्यांनी कोपऱ्यात गुणाकार केला. किलोला पंचवीस मिलिग्रॅम, म्हणजे पावणेतीनशे मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल, दर सहा तासांनी, शिरेतून, सावकाश.

डोक्याच्या कडेला एक बारीक शीर सापडली. तिच्यात सुई बसवली, आणि पहिला डोस कुंताबाईंनीच दिला. कुपीतली भुकटी विरघळवून पावणेतीन मिलिलिटर ओढून घेतलं आणि पिचकारी हळूहळू, मनात आकडे मोजत, रिकामी केली. औषधाच्या बाबतीत त्यांचा हात काटेकोर होता. एक थेंब इकडचा तिकडे होत नसे.

मंगळवारी ताप उतरला. मनकर्णाबाईनं भिंतीला टेकून पाय पसरले. "पाह्यलं? बिनातोलल्यानं काई अडलं का तुमचं?" संध्याकाळच्या गाडीनं ती घरी गेली. धानातलं निंदण राहिलं होतं.

बुधवारी सकाळी कुंताबाई वॉर्डात आल्या तेव्हा रुखमिणी मुलीला छातीशी धरून उभी होती.

"बाई, हे थंडी पडून राह्यली. पाहा ना."

सेवंता दोनदा ओकली होती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. ताप नव्हता, उलट हातपाय गार लागत होते. आणि रंग. गोऱ्या किंवा काळ्या मुलाचा पांढरेपणा कुंताबाईंनी पाहिला होता, पण हा रंग वेगळा होता. चुलीतली राख ओली झाल्यावर दिसते तसा.

डॉक्टरांनी तपासलं. "जंतू रक्तात उतरलेत. औषध पुरत नाहीये." ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "आठचा डोस चुकवू नका. हे पोर औषधाच्या जोरावरच तरलं तर तरेल." बाहेर ओपीडी भरली होती. ते तिकडे गेले.

आठला दहा मिनिटं होती. कुंताबाईंनी कुपी फोडून पिचकारी भरली. पण आधी ओकारीनं भिजलेली चादर बदलायला हवी होती. त्यांनी सेवंताचं पांघरूण काढलं आणि पहिल्यांदाच तिला नुसती, उघडी, दोन हातांवर घेतली.

हाताला काही लागलंच नाही. पाण्यानं भरलेली कळशी तरी जड लागली असती. सूज फक्त पावलांत, पिंढऱ्यांत आणि गालांत होती. मधलं सगळं शरीर बरगड्या आणि कातडी. कुंताबाई मूल हातांवर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अकरा किलोचं मूल त्यांच्या हातांना माहीत होतं. हे ते नव्हतं. सोमवारीही ते तसं नव्हतं. त्यांनी पांघरुणाचा गोळा उचलला होता आणि गालांकडे पाहून लिहिलं होतं.

"रुखमिणी, हिले व्हरांड्यात घेऊन चाल."

"कायले?"

"तोलतो."

रुखमिणीचे डोळे मोठे झाले. "आत्याबाई नाई म्हणाल्या होत्या."

"आत्याबाई घरी हायेत. पोरगी इथं हाये. चाल लौकर, उघडी गारठंल."

त्यांनी तबकडीचा काटा रिकाम्या झोळीसह शून्यावर आणला आणि मुलीला झोळीत ठेवलं. काटा थरथरत वर गेला आणि थांबला. सहा किलो नऊशे ग्रॅम. त्यांनी मुलीला उचललं, पुन्हा ठेवलं. सहा नऊशे.

रुखमिणीनं मूल झडप घालून परत घेतलं. कुंताबाई भरलेली पिचकारी ट्रेमध्ये तशीच ठेवून ओपीडीत गेल्या. रांग ओलांडून त्या डॉक्टरांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. तिथं पोहोचेपर्यंत त्यांनी दोन वाक्यं मनात जुळवली होती. काट्यात काही बिघाड असेल, असं एक वाक्य. सोमवारी सूज फार होती, असं दुसरं. त्यांनी दोन्ही सोडून दिली.

"साहेब, सेवंताचं वजन अकरा नाही. सहा नऊशे आहे. सोमवारी मी तोललंच नव्हतं. आकडा माझ्या मनाचा होता."

डॉक्टरांचा पेन थांबला. समोरच्या म्हाताऱ्याची नाडी त्यांच्या बोटांखालीच राहिली.

"आठचा डोस?"

"दिला नाही."

ते उठले. तडक वॉर्डात आले. मुलीच्या पोटावर हात ठेवला, नखं पाहिली, कपाळावरून बोट फिरवलं. मग केसपेपर उलटा करून त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. पावणेतीनशे भागिले सहा पूर्णांक नऊ. चाळीस येत होते. किलोला पंचवीसच्या जागी चाळीस, दिवसातून चार वेळा, दोन दिवस.

"हा संसर्ग नाही," ते हळू म्हणाले. "निदान नुसता संसर्ग नाही. आपलं औषध आहे."

"आपलं" हा शब्द कुंताबाईंना लागला. त्यांनी "तुमचं" म्हणायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

"ऐका, कुंताबाई. या औषधाला यकृत निकामी करतं आणि मग ते बाहेर पडतं. हिचं यकृत चरबीनं भरलंय, त्याला तेवढं काम झेपत नाही. धडधाकट मुलाच्या अंगातून सहा तासांत जेवढं जातं, तेवढं हिच्या अंगातून जायला कितीतरी जास्त वेळ लागतो. पहिला डोस आत असतानाच आपण दुसरा दिला, दुसरा असताना तिसरा. ते साचत गेलं." ते थांबले. "वजन बरोबर असतं तरी मला ही मात्रा कमी करायला हवी होती, अंतर वाढवायला हवं होतं. ते मला माहीत होतं. मी नुसता आकडा गुणला."

ते एवढंच बोलले. ओरडले असते तर कुंताबाईंना बरं वाटलं असतं.

क्लोरॅम्फेनिकॉल बंद झालं. केंद्राची जीप शिबिराला गेली होती. आणि असं गार पडलेलं मूल बसमध्ये घालून भंडाऱ्याला न्यायचं तर ते वाटेतच जाईल, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी रुखमिणीला पोलकं सोडून मुलीला उघड्या छातीशी धरायला लावलं आणि दोघींवर मिळतील तितकी कांबळी टाकली. शिरेतून थोडं ग्लुकोज दिलं. सलाइनची बाटली मंगरू आपणहून घेऊन आला, ती त्यांनी परत पाठवली. "भराभर पाणी सोडलं तर हिचं हृदय बसेल." क्रिस्टलाइन पेनिसिलिन आता सहा पूर्णांक नऊवर मोजून सुरू केलं. जोडीला जेंटामायसिन हवं होतं. ते केंद्रात नव्हतं. मंगरू चिठ्ठी घेऊन साकोलीच्या बसमध्ये चढला आणि दुपारी खिशात चार बाटल्या घेऊन उतरला.

"आणली जी. कंडक्टर म्हने बस थांबवत नाई, म्या म्हटलं मंग मले फेकून दे खाली, पन बाटल्या हळू ठेव."

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, पण उघडली नाही. "हे मूत्रपिंडातून बाहेर पडतं. तिला लघवी झाली का?"

"सकाळपासून नाही."

"मग नाही. आधी लघवी होऊ द्या. एक दार बंद असताना दुसरं औषध आत कोंबायचं नाही."

त्या दुपारी कुंताबाई मुलीच्या लंगोटाकडे पाहत बसल्या. बाहेर तलावाच्या पाळीवर बायका धुणी आपटत होत्या. कधी मध्येच सेवंताचा श्वास थांबल्यासारखा होई आणि रुखमिणी तिच्या कानात "ए सेवंते, ए बाई" असं काहीतरी पुटपुटे. चार वाजून गेल्यावर रुखमिणी एकदम म्हणाली, "बाई, मले ओलं लागलं."

थोडीशीच होती, तळहाताएवढा डाग. डॉक्टरांनी तो स्वतः येऊन पाहिला. मग मात्रा सांगितली: किलोला अडीच, म्हणजे सतरा मिलिग्रॅम. "आठ तासांनी देतात. हिला बारा तासांनी. आणि प्रत्येक डोसच्या आधी लघवी झाली का ते लिहायचं. झाली नसेल तर सुई हातात घ्यायची नाही, मला बोलवायचं."

बुधवारची रात्रभर कुंताबाई खाटेपाशीच बसून होत्या. गुरुवारी राखेचा रंग ओठांवरून निघाला. पोट मऊ झालं. शुक्रवारी सेवंता रडली. बारीक, चिडका आवाज, पण रडली. नाकात घातलेल्या नळीतून थोडं थोडं साखर-तेल घातलेलं पातळ दूध पोटात राहू लागलं.

त्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी सोमवारचं रजिस्टर मागवलं. "तो अकरा खोडू नका. एक रेघ मारा, वाचता आला पाहिजे. वर सहा नऊशे लिहा, तारीख घाला, सही करा." कुंताबाईंनी तसं केलं. मग स्वतःच मागची पानं उलटली. दहा. बारा. नऊ. अकरा. दहा. सगळे पूर्ण आकडे. खऱ्या मुलाचं वजन असं गुळगुळीत येत नाही; त्याला शेदोनशे ग्रॅमचं शेपूट असतं. पान पान भरून एकही शेपूट नव्हतं. त्यातली दोन मुलं आता नव्हती. कशानं गेली, ते त्या रकान्यांवरून कुणालाही कधीच कळणार नव्हतं. कुंताबाईंनी रजिस्टर बंद केलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसून राहिल्या.

त्यांनी आता रोज सकाळी मुलीला झोळीत घालायला सुरुवात केली होती. गुरुवारी सहा आठशे. शुक्रवारी सहा पाचशे. शनिवारी सहा दोनशे. पायांची सूज उतरत होती, पिंढऱ्यांची कातडी सुरकुतली होती. रोजच्या वजनाप्रमाणे डॉक्टर मात्रा बदलत. शनिवारी सतराचे साडेपंधरा झाले.

आणि शनिवारीच मनकर्णाबाई आली. तिनं नातीकडे पाहिलं. सुजेनं भरलेला चेहरा उतरून तिथं म्हातारीसारखं लहान तोंड उरलं होतं.

"काय केलं व हे? तोललं ना?" ती सुनेवर तुटून पडली. "तोंडात मूग भरले होते का तुया? म्या सांगतलं होतं का नाई?"

रुखमिणीनं मान खाली घातली. "तोलते रोज. रोज कमी भरते, आत्याबाई."

"भरंलच! काटा खाऊन राह्यला पोरीले. उचल. घरी मरंल तं मरंल, आपल्या देवापुढं मरंल."

"आजी, ते पाणी होतं," कुंताबाई पुढे झाल्या. "अंगात नको ते पाणी साचलं होतं. ते निघून राह्यलं म्हून वजन उतरलं. पोरगी नाई उतरली."

"तुमाले काय जाते सांगाले! मंगळवारी बिनातोलल्यानं चांगली होती. ताप बी उतरला होता. तोलली अन् हे झालं. उठ व!"

रुखमिणी उठली. तिनं सेवंताला खांद्यावर घेतलं. नाकातली नळी लोंबली. मुलगी आत्ता गेली तर चार दिवसांचं इंजेक्शन राहील, दूध सुटेल, आणि ही घरी पोचायच्या आधीच पुन्हा गार पडेल, हे कुंताबाईंना तिच्या पाठीकडे पाहत असताना स्पष्ट दिसत होतं. सुजेचं पाणी त्यांनी समजावून सांगितलं होतं आणि ते कुणालाही पटलं नव्हतं. पटण्यासारखी एकच गोष्ट त्यांच्यापाशी उरली होती.

"रुखमिणी, थांब. तुही पोरगी काट्यानं नाई बिघडली. न तोलल्यानं बिघडली."

सासूसून दोघी वळल्या.

"सोमवारी आजी नाई म्हणाल्या, अन् म्या तोललं नाई. पन कागदावर लिवलं, अकरा किलो. तोलल्यासारखं. डॉक्टरसाहेबांनी त्या आकड्यावर औषध ठरवलं. पोरगी सहा नऊशेची, औषध अकरा किलोचं. ते तिच्या अंगात साचलं. त्यानं ते गार पडली, राखेवानी झाली. म्या लिवलं होतं ते. माह्या हातानं."

वॉर्डातल्या बाकीच्या बाया वळून पाहू लागल्या. दारात मंगरू केरसुणी धरून उभा होता.

मनकर्णाबाई एक पाऊल पुढं आली. "म्हंजे तुमीच मारत होत्या."

"हो."

"अन् आता सांगून राह्यल्या?"

"आता सांगून राह्यली."

रुखमिणी जवळ आली. कुंताबाईंना वाटलं, ती मारेल; त्यांनी चेहरा हलवला नाही. पण रुखमिणी नुसती पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की कुंताबाईंना मार परवडला असता.

"मी तुमाले देवावानी मानत होती, बाई," ती म्हणाली. "रातभर तुमी माह्यासंगं बसल्या म्हून."

तिनं सेवंताच्या नाकातली लोंबती नळी सावरून धरली.

"आता औषध कायच्यावर देऊन राह्यले?"

"रोजच्या वजनावर. आज सहा दोनशे भरली, त्यावर. आज तोललं नसतं तं कालच्याच आकड्यावर गेलं असतं, जास्त. घरी नेशीन तं चार दिवसांची सुई राहीन, अन् थंडी पडंल तं तिथं कोणी नाई."

"चाल व," मनकर्णाबाईनं सुनेचा दंड धरला. "अशा लोकाइच्या हाती पुन्हा देतं का पोर?"

रुखमिणीनं दंड सोडवून घेतला. सासूपुढं तिनं असं केलेलं कदाचित पहिल्यांदाच असेल. ती स्वतःच दचकली. "आत्याबाई, तुमी म्हणाल्या तोलू नोको, म्हून यांनी खोटं लिवलं. दोघींच्या मधात माही पोरगी होती." मग ती खाटेवर बसली आणि मुलीला मांडीवर घेतलं. "मी नाई जात."

मनकर्णाबाई तिथं बराच वेळ उभी होती. शेवटी खाटेच्या पायथ्याशी खाली बसली, पाठ फिरवून. पण गेली नाही.

"एक सांगतो, बाई," रुखमिणी म्हणाली. ती आता कुंताबाईंकडे पाहत नव्हती. "मले वाचता येत नाई. तुमच्या लिवण्यावर माहा भरोसा नाई राह्यला. रोज तोलाल तं माह्यासमोर, अन् आकडा मोठ्यानं सांगाचा. मंग लिवाचा."

"सांगन."

रविवारी सहा शंभर. सोमवारी सहा. मंगळवारीही सहा. कुंताबाई दरवेळी आकडा मोठ्यानं म्हणत, रुखमिणी ओठांत तो पुन्हा म्हणून पाहत असे, आणि मग शाई लागत असे. त्यापलीकडे ती कुंताबाईंशी बोलत नसे. पाणी हवं असेल तर मंगरूला सांगे. मंगरूनंही वॉर्डात विनोद करणं सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी मंगळवारी दुपारी भंडाऱ्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं. त्यात काय लिहिलं आहे ते त्यांनी पाकीट बंद करण्याआधी कुंताबाईंना वाचून दाखवलं. दोन्ही चुका त्यात होत्या, त्यांची आणि डॉक्टरांची, एकाखाली एक. कुंताबाईंनी ठीक आहे म्हटलं.

बुधवारी सकाळी जेंटामायसिनचा शेवटचा डोस झाला. सेवंतानं आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटीतलं दूध आपल्या हातानं ओढून प्यायलं होतं, आणि सकाळी पुन्हा मागितलं होतं. पावलांवर बोट दाबलं तरी खड्डा पडत नव्हता.

व्हरांड्यात रुखमिणीनं तिला झोळीत ठेवलं. मनकर्णाबाई खांबाला टेकून दूर उभी होती, तोंडावर पदर. झोळी हलायची थांबेपर्यंत कुंताबाई थांबल्या. मग डोळे तबकडीच्या बरोबर समोर आणून त्यांनी काटा पाहिला, आणि पुन्हा एकदा पाहिला.

"सहा किलो एकशे पन्नास," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"काल सहा होती," रुखमिणी म्हणाली.

"हो. काल सहा."

"मंग हे पाणी हाये, का पोरगी हाये?"

कुंताबाईंनी खाली वाकून सेवंताचं पाऊल हातात घेतलं, अंगठा दाबला आणि उचलला. कातडी होती तशी सपाट राहिली.

"पोरगी हाये," त्या म्हणाल्या.

रुखमिणीनं मुलीला झोळीतून काढून कमरेवर घेतलं, आणि कुंताबाई रजिस्टरात आकडा लिहीत होत्या तिकडे, पेनाच्या टोकाकडे, तो पूर्ण लिहून होईपर्यंत पाहत राहिली.